पावसाळ्यातला सदरा

जुलैत मुंबईत किंवा रत्नागिरीत दोरीवरचा सदरा दुसऱ्या दिवशीही दमट लागतो. कापड सुती आहे म्हणून तो लवकर वाळत नाही, असं आपण म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. चिंब कापडावरून पाणी उडून जाण्याचा वेग मुख्यतः हवेतली आर्द्रता, वारा आणि कापडाचा पसारा यांवर ठरतो. धागा कुठलाही असला तरी सुरुवातीला तो वेग जवळपास सारखाच असतो. फरक पडतो तो पिळल्यावर कापडात उरलेल्या पाण्याचा.

प्रयोगशाळेत यंत्राने गरगर फिरवून पाणी काढलं, तरी सुताच्या धाग्यात त्याच्या वजनाच्या साधारण 45 ते 50 टक्के पाणी उरतं. व्हिस्कोसमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या रेयॉनमध्ये, 90 ते 100 टक्के आणि पॉलिस्टरमध्ये जेमतेम 3 ते 5. घरच्या मशीनमध्ये धाग्यांच्या मधलं पाणीही राहतं, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे वाढतात. क्रम मात्र सहसा तोच. रेयॉनचा कुर्ता अंगाला थंड लागतो, पण पावसाळ्यात तो सगळ्यात शेवटी वाळतो.

आता दोन सुती सदरे घ्या, मापाने सारखे. एक जाड, 200 ग्रॅमचा. दुसरा मलमलीचा, 100 ग्रॅमचा. निम्मं वजन धरलं तर पहिल्यात 100 ग्रॅम पाणी उरेल, दुसऱ्यात 50. पसारा तोच, म्हणून मलमल साधारण निम्म्या वेळात वाळेल. धागा न बदलताच एवढा फरक पडतो! म्हणून मी लेबल नंतर वाचते, आधी कापड उजेडासमोर धरते. धाग्यांच्या मधून उजेड बारीक ठिपक्यांसारखा दिसला, तोंडाजवळ धरून फुंकर मारल्यावर ती पलीकडे हाताला लागली, तर ते कापड अंगावर वारा येऊ देईल.

घामाचं गणित थोडं वेगळं आहे. सूत घाम शोषतं, पण भिजलं की धागे फुगतात, मधली भोकं आक्रसतात आणि कापड पाठीला चिकटतं. घट्ट विणीत हे फार जाणवतं. लिननचा धागा ताठ असतो, त्यामुळे कापड अंगापासून किंचित सुटं राहतं आणि खालून हवा फिरते. पॉलिस्टर पटकन वाळतं, पण अंगाचं तेल धरून ठेवतं, म्हणून त्याला घामाचा वास लवकर लागतो. ऐन पावसाळ्यात रोज लोकलने जाणाऱ्याला मी पातळ टेरिकॉटच सुचवेन. घरात वापरायला मलमल.

नव्या कापडाला खळ असते. ती पाणी शोषू देत नाही आणि फुंकरही अडवते, म्हणून त्याची खरी परीक्षा एकदा धुतल्यावरच होते. सदरा वाळला का हे पाहताना पाठीला हात लावू नका. कॉलर, बटणपट्टी आणि खिशाची शिवण चाचपा. तिथे कापड दुहेरी असतं, ओल तिथेच अडते आणि कुबट वास तिथूनच सुरू होतो.