पॅलॅडियम सोन्याच्या चालीने का चालत नाही?

जानेवारी 2016 मध्ये पॅलॅडियमचा भाव औंसाला 500 डॉलरच्या खाली होता आणि सोन्याचा 1,100 च्या आसपास. मार्च 2022 मध्ये पॅलॅडियम 3,400 डॉलरवर गेले, तेव्हा सोने 2,000 च्या घरात होते. पुढे दोन वर्षांच्या आत पॅलॅडियम 1,000 च्या खाली घसरले. सोने मात्र तेव्हाही 2,000 च्या आसपासच होते.

सोन्याचा औद्योगिक वापर एकूण मागणीच्या दहा टक्क्यांहूनही कमी आहे. बाकीचे दागिन्यांत, तिजोऱ्यांत आणि मध्यवर्ती बँकांकडे साठते, आणि भाव चढला की त्यातले काही मोडीच्या रूपाने बाजारात परत येते. त्यामुळे सोन्याचा भाव मुख्यतः व्याजदर, डॉलर आणि लोकांच्या मनातली धास्ती यांवर हलतो.

पॅलॅडियमचे गिऱ्हाईक जवळजवळ एकच. सुमारे चार-पंचमांश धातू पेट्रोल गाड्यांच्या धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातो, तिथे तो विषारी वायूंचे रूपांतर कमी घातक वायूंत करतो. एका गाडीला काही ग्रॅमच लागतात, पण प्रदूषणाच्या कायद्यामुळे ते टाळता येत नाहीत. म्हणून भाव दुप्पट झाला तरी कारखानदार खरेदी थांबवत नाही.

2015 मध्ये फोक्सवॅगनचा डिझेल घोटाळा उघड झाला आणि युरोपात ग्राहक डिझेलकडून पेट्रोलकडे वळले. डिझेल गाड्यांत प्रामुख्याने प्लॅटिनम लागते, त्यामुळे एकाच घटनेने प्लॅटिनम दबले आणि पॅलॅडियम उसळले. त्यात चीनने धुराचे निकष कडक केले आणि प्रत्येक गाडीमागे लागणारा धातू वाढला. पुरवठा मात्र मागणीमागे धावू शकला नाही. जगातले सुमारे 40 टक्के पॅलॅडियम रशियातून येते, तेही निकेल-तांब्याच्या खाणीतले जोडउत्पादन म्हणून, आणि दक्षिण आफ्रिकेत ते प्लॅटिनमबरोबर निघते. केवळ पॅलॅडियम महागले म्हणून कोणी निकेलची खाण वाढवत नाही.

एकाच गिऱ्हाइकावर विसंबण्याचा तोटा मार्च 2020 मध्ये दिसला. महासाथीमुळे मोटार कारखाने बंद पडले आणि 2,700 डॉलरवर गेलेले पॅलॅडियम काही आठवड्यांत 1,500 च्या आसपास आले. सोनेही तेव्हा थोडे घसरले, पण त्याच भीतीने ऑगस्टपर्यंत त्याला 2,000 च्या पुढे नेले.

2022 ची उसळी युक्रेन युद्धामुळे रशियाचा माल अडेल या शंकेची होती. माल फारसा अडला नाही. दरम्यान महागाईने आपले काम केले होते: कारखानदारांनी पेट्रोल गाड्यांतही पॅलॅडियमऐवजी स्वस्त प्लॅटिनम घालायला सुरुवात केली. हा बदल रातोरात होत नाही, कारण नव्या रचनेची चाचणी घेऊन मान्यता मिळवण्यात बराच काळ जातो. पण एकदा झाला की भाव उतरल्यावर लगेच उलटतही नाही. त्यातच विजेवर चालणाऱ्या गाड्या वाढल्या, आणि त्यांना हा कन्व्हर्टर लागतच नाही.