निरोगी नातेवाइकालाही दारातच का थांबवतात?

साथीच्या काळात भेटीवर निर्बंध असल्याची सूचना रुग्णालयाच्या दारावर लागते, तेव्हा गावाहून डबा घेऊन आलेल्या धडधाकट नातेवाइकालाही आत सोडले जात नाही आणि त्याचे मन दुखावते, हे स्वाभाविकच आहे. २०२० च्या कोरोना साथीत नांदेड-लातूरमधील असंख्य कुटुंबांनी हा विरह सोसला. त्यामागचे कारण अधिशयन काळात, म्हणजे विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या अवधीत, दडलेले होते. हा अवधी २ ते १४ दिवसांचा असे आणि लक्षणे दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासूनच बाधित व्यक्तीच्या श्वासातून व बोलण्यातून विषाणू बाहेर पडू लागत, त्यामुळे दारावर ताप मोजूनही ती ओळखू येत नसे. बंद खोलीत उदबत्तीचा धूर कोपऱ्याकोपऱ्यात पोहोचतो, तसे हे विषाणू वाहून नेणारे सूक्ष्म थेंब वॉर्डभर पसरत. शेजारच्या खाटेवर डायलिसिसचा किंवा कर्करोगाचा रुग्ण असल्यास, प्रतिकारशक्ती क्षीण असल्याने, त्याच्या जिवावर बेतू शकत असे. उलट दिशेचा धोकाही तितकाच खरा होता, कारण वॉर्डात बाधित झालेला नातेवाईक काहीही न जाणवता घरी परते आणि वृद्ध आईवडिलांच्या सहवासात राही. मात्र लहान मूल, प्रसूत होणारी स्त्री वा अखेरच्या घटका मोजणारा रुग्ण यांच्याजवळ मास्क लावलेले एक माणूस असू द्यावे, आणि इतरांना रोज ठरलेल्या वेळी प्रकृतीची माहिती मिळावी, एवढी तजवीज अशा सूचनेतच लिहिलेली असणे आवश्यक ठरते.