मीठ ८०१ला वितळतं, मॅग्नेशिया २८५२ला! मधल्या दोन हजार अंशांचं गुपित

शाळेत मॅग्नेशिअमची फीत चिमट्यात धरून पेटवली की डोळे दिपवणारा उजेड पडतो आणि मागे पांढरी भुकटी उरते. ती भुकटी म्हणजे मॅग्नेशिअम ऑक्साइड, उद्योगातलं नाव मॅग्नेशिया. शेजारी चिमूटभर मीठ ठेवलं तर दोन्ही पांढरीच दिसतील. तापवायला घ्या, मग खरा फरक कळेल!

१. लोखंडाचं पाणी, मिठाची वाफ

लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळतं. इतक्या उष्णतेत मीठ टिकतच नाही. ते ८०१ अंशांला वितळतं आणि लोखंड वितळण्याआधीच उकळू लागतं. मॅग्नेशिया मात्र तेव्हाही घट्ट असतो, कारण त्याचा द्रवणांक सुमारे २८५२ अंश आहे. म्हणून तर पोलादाच्या भट्ट्यांना आतून मॅग्नेशियाच्या विटांचं अस्तर लावतात. पाणी तापवायच्या विजेच्या रॉडमध्येही तो असतो. बाहेरची नळी आणि आतली तापणारी तार यांच्यामध्ये त्याचीच पांढरी पूड ठासून भरलेली असते. ती वीज अडवते आणि उष्णता मात्र बाहेर जाऊ देते.

२. आतली मांडणी अगदी सारखी

मॅग्नेशियाची रचना वेगळी असेल असं वाटतं ना? तसं काहीच नाही. मिठाच्या स्फटिकात प्रत्येक सोडिअम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन असतात आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम. मॅग्नेशियात सोडिअमच्या जागी मॅग्नेशिअम बसतं, क्लोराइडच्या जागी ऑक्साइड, आणि मांडणी तीच राहते. म्हणून ही जोडी तुलनेला सोयीची आहे. रचनेचा प्रश्न बाजूला पडतो आणि दोनच गोष्टी उरतात : आयनांवर प्रभार किती आणि आयन केवढे.

३. दोन गुणिले दोन

सोडिअम एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन एक घेतो. म्हणजे मिठात +१ आणि −१. मॅग्नेशिअम दोन देतो, ऑक्सिजन दोन घेतो. म्हणजे +२ आणि −२. कूलोमच्या नियमात प्रभारांचा गुणाकार होतो, त्यामुळे मिठात उत्तर येतं १ आणि मॅग्नेशियात ४. प्रभार दुप्पट झाला, पण दोन्ही बाजूंनी झाला, म्हणून ओढ एकदम चौपट!

४. लहान आयन, जवळचे शेजारी

प्रभारानंतर येतो आकार. सोडिअम आणि मॅग्नेशिअम या दोन्ही आयनांत इलेक्ट्रॉन दहाच असतात. पण सोडिअमच्या केंद्रकात ११ प्रोटॉन आहेत आणि मॅग्नेशिअमच्या केंद्रकात १२. तेवढेच इलेक्ट्रॉन जास्त जोराने आत खेचले जातात आणि आयन आक्रसतो. सोडिअम आयनाची त्रिज्या १०२ पिकोमीटर, मॅग्नेशिअम आयनाची फक्त ७२. ऋण आयनांचंही तसंच. क्लोराइडला इलेक्ट्रॉनांच्या तीन कक्षा आहेत, ऑक्साइडला दोनच. त्यामुळे क्लोराइड १८१ पिकोमीटरचा आणि ऑक्साइड १४०चा.

आता शेजाऱ्यांच्या केंद्रांमधलं अंतर बघा. मिठात ते सुमारे २८२ पिकोमीटर आहे, मॅग्नेशियात सुमारे २११. अंतर घटलं की ओढ वाढते. २८२ला २११ने भागलं की १.३४ येतात. प्रभाराच्या चौपटीला त्याने गुणा, उत्तर ५.३ च्या आसपास.

मग प्रत्यक्षात काय दिसतं? एक मोल स्फटिकातले सगळे आयन एकमेकांपासून पार सुटे करायला मिठाला ७८७ किलोजूल लागतात, मॅग्नेशियाला सुमारे ३८००. म्हणजे ४.८ पट. आयन टणक गोळ्या आहेत असं धरून कागदावर केलेलं दोन ओळींचं गणित इतकं जवळ जातं, ही मोठीच गोष्ट आहे!

५. दोघांत वजनदार कोण?

प्रभार की आकार? याचा निकाल लिथिअम फ्लोराइड लावतो. त्याची मांडणीही मिठासारखीच, पण शेजाऱ्यांमधलं अंतर फक्त २०१ पिकोमीटर, म्हणजे मॅग्नेशियापेक्षाही कमी. आकारावरच सगळं असतं तर ते मॅग्नेशियाच्याही पुढे गेलं असतं. प्रत्यक्षात ते ८४८ अंशांलाच वितळतं, कारण त्याचे प्रभार +१ आणि −१ आहेत. अंतर जवळपास तेच, प्रभार दुप्पट, आणि द्रवणांकात दोन हजार अंशांचा फरक. मुख्य काम प्रभाराचं आहे.

म्हणून आकार बिनमहत्त्वाचा ठरत नाही. प्रभार सारखे ठेवून ऋण आयन मोठा करत गेलं की त्याचा प्रभाव स्वच्छ दिसतो. सोडिअम फ्लोराइड साधारण ९९५ अंशांला वितळतं, क्लोराइड ८०१ला, ब्रोमाइड ७४७ला आणि आयोडाइड ६६१ला. आयन फुगत जातो, तसा द्रवणांक पायरीपायरीने उतरतो.

६. ओढ पाचपट, मग तापमान पाचपट का नाही?

द्रवणांकांची तुलना केल्व्हिनमध्ये करायची, कारण तिथला शून्य हा खरा शून्य. मीठ १०७४ केल्व्हिन, मॅग्नेशिया ३१२५. हे झालं जेमतेम तिप्पट. बाकीची ओढ कुठे गेली?

ती कुठेच गेली नाही. वितळताना आयन एकमेकांना सोडून जातच नाहीत. शिस्तीची मांडणी मोडते, आयन सरकू लागतात, पण द्रवातही प्रत्येकाभोवती विरुद्ध प्रभाराचे शेजारी असतातच. एक मोल मीठ वितळवायला सुमारे २८ किलोजूल पुरतात. पूर्ण सुटं करण्याच्या ७८७ किलोजूलपुढे हा आकडा किती लहान! वितळताना एकूण ओढीचा थोडासाच हिस्सा मोडावा लागतो, म्हणून सुटं करण्याची ऊर्जा आणि द्रवणांक एकाच दिशेने वाढतात, पण एकाच पटीत वाढत नाहीत.

७. परीक्षेत हमखास फसवणारं मॅग्नेशिअम क्लोराइड

‘मॅग्नेशिअमवर +२ प्रभार आहे, म्हणून मॅग्नेशिअम क्लोराइड मिठापेक्षा उशिरा वितळणार.’ हे उत्तर पटण्यासारखं आहे, पण चूक आहे. त्याचा द्रवणांक ७१४ अंश, मिठापेक्षाही कमी!

इथे मांडणीच बदलते. एका मॅग्नेशिअमला दोन क्लोराइड लागतात आणि स्फटिक थरांचा बनतो. प्रत्येक थराच्या मधोमध मॅग्नेशिअम, वर-खाली क्लोराइड. त्यामुळे एका थराचे क्लोराइड पुढच्या थराच्या क्लोराइडांना सामोरे येतात आणि दोन थरांमधली ओढ अगदी कमकुवत राहते. शिवाय इवलासा, दुहेरी प्रभाराचा मॅग्नेशिअम आयन मोठ्या क्लोराइडचा इलेक्ट्रॉनांचा ढग आपल्याकडे खेचून घेतो, म्हणून बंध निखळ आयनिक राहत नाही.

म्हणून द्रवणांकांची तुलना करताना आधी मांडणी बघायची. ती सारखी असेल तर प्रभारांचा गुणाकार करायचा आणि प्रभारही सारखे निघाले तर आयनांच्या आकाराकडे वळायचं. कॅल्शिअम ऑक्साइडवर करून बघा. मांडणी मिठाचीच, प्रभार +२ आणि −२, पण कॅल्शिअमचा आयन मॅग्नेशिअमपेक्षा मोठा. अंदाज काय येतो? मॅग्नेशियापेक्षा थोडा खाली, मिठाच्या कितीतरी वर. मोजलेला आकडा आहे सुमारे २६०० अंश.