काटाकाट कुणाची करावी?

वर्गात बैजिक अपूर्णांक शिकवायला घेतले की मुलांच्या हाताला जणू कात्री येते. वर क्ष दिसला, खाली क्ष दिसला की झाली काटाकाट! ही कात्री कुठे चालते आणि कुठे चालत नाही, ते आज एकाच उदाहरणावरून पाहू. कागद-पेन्सिल जवळ घ्या.

१/(क्ष + २) + ४/(क्ष² − ४)

बेरजेला हात घालण्यापूर्वी छेदांकडे पाहा. शून्याने भागता येत नाही, म्हणून छेद शून्य करणाऱ्या किंमती आधीच वगळायच्या. क्ष² − ४ चे अवयव (क्ष + २)(क्ष − २). तेव्हा क्ष ला २ आणि −२ या दोन किंमती वर्ज्य. हे समासात लिहून ठेवा. पुढे त्याची गरज लागणार आहे.

आता समच्छेद करू. लसावि (क्ष + २)(क्ष − २). पहिल्या अपूर्णांकाचा अंश व छेद (क्ष − २) ने गुणले की बेरीज अशी होते:

(क्ष − २ + ४) / (क्ष + २)(क्ष − २)

इथेच पुष्कळांचा पाय घसरतो. वरचा क्ष − २ आणि खालचा क्ष − २ काटून ते उत्तर देतात ४/(क्ष + २). क्ष = ३ घालून पडताळा घ्या. मूळ बेरीज १/५ + ४/५ म्हणजे १. यांचे उत्तर मात्र ४/५. चुकले कुठे? वरचा क्ष − २ हा गुणक नाही, बेरजेतला एक तुकडा आहे. (५ + ३)/(५ + १) यातले पाच काटून कुणी ३ म्हणेल का? खरी किंमत ४/३ आहे. काटायचा तो संपूर्ण अंशाचा आणि संपूर्ण छेदाचा सामाईक अवयव. सुटे पद नव्हे.

म्हणून आधी अंश आवरून घ्या: क्ष − २ + ४ म्हणजे क्ष + २. आता तो सबंध अंशच छेदाचा अवयव आहे. तो काटला की उरते १/(क्ष − २). क्ष = ३ घातल्यास १ येतो; ताळा जमला.

पण थांबा. या सुटसुटीत उत्तरात क्ष = −२ घातले तर −१/४ येते, काहीच बिघडल्यासारखे दिसत नाही. मूळ राशीला मात्र तिथे अर्थच नाही. काटलेला अवयव दिसेनासा झाला, तरी त्याने घातलेली बंदी उठत नाही. समजा, ही बेरीज −१/४ केव्हा होईल, असे विचारले. क्ष − २ = −४, म्हणून क्ष = −२, असे उत्तर येईल; आणि तीच तर वर्ज्य किंमत! म्हणजे या समीकरणाला उकलच नाही. समासातली ओळ नसती, तर चुकीचे उत्तर बिनदिक्कत लिहिले गेले असते.

आता तुम्ही करून पाहा: क्ष/(क्ष − ३) − ९/(क्ष² − ३क्ष). उत्तर (क्ष + ३)/क्ष यायला हवे, आणि समासात दोन किंमती हव्यात: ० आणि ३.