मे महिना कुणापेक्षा जास्त?

पुण्यातला दोन बेडरूमचा एक फ्लॅट घेऊ. चार माणसं, एक एसी, एक गीझर, आणि 2023 ते 2025 अशा तीन वर्षांची छत्तीस वीजबिलं फायलीत नीट लावलेली. फ्लॅट कल्पनेतला आहे आणि आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून मी बेतलेत. घरातला वाद मात्र कुठल्याही घरात चालणारा: मे महिन्यात बिल फुगतं ते एसीमुळे, की मुलं दिवसभर घरात असतात म्हणून? वाद मिटवायला घरातली कॉलेजात जाणारी मुलगी लॅपटॉप उघडते आणि बिलांवर रिग्रेशन चालवायचं ठरवते.

सगळ्यात आधी तिला रुपये बाजूला ठेवावे लागतात. घरगुती विजेचा दर टप्प्यांनी चढतो, पहिल्या 100 युनिटांना एक, 101 ते 300 ला दुसरा. त्यामुळे वापर दीडपट झाला की बिल दीडपटीहून जास्त होतं. मोजायची ती युनिटं. तीही जशीच्या तशी नाहीत, कारण दोन रीडिंगमधले दिवस दर वेळी सारखे नसतात. बिलावर दोन्ही तारखा असतात. युनिटांना दिवसांनी भागायचं, तीसने गुणायचं. 6 मे ते 6 जून या काळाच्या बिलाच्या माथ्यावर कुठलाही महिना छापलेला असो, आपल्या वहीत ते मेचं. आणि मीटर न वाचता सरासरीने दिलेलं बिल आलं असेल, तर ते आणि त्याच्या पुढचं, दोन्ही एकत्र करूनच वापरायचं. नाहीतर एका महिन्याची वीज दुसऱ्याच्या नावावर चढते.

आता महिना हा आकडा नाही, नाव आहे. जानेवारीला 1 आणि डिसेंबरला 12 असं लिहून रिग्रेशनमध्ये घातलं, तर गणित बिचारं समजतं की जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत वापर एकाच चालीने चढतो किंवा उतरतो. तसं कुठल्याच घरात होत नाही. म्हणून प्रत्येक महिन्याला स्वतःचा रकाना द्यायचा. मेच्या रकान्यात मेच्या तीन बिलांसमोर 1, बाकी तेहतीस बिलांसमोर 0. यालाच डमी चल म्हणतात. अर्थशास्त्रज्ञ डॅनियल सूट्स यांनी 1957 मध्ये या चलांच्या वापरावर लेख लिहिला, तेव्हापासून हे हत्यार अर्थशास्त्राच्या पेटीत कायमचं बसलं आहे.

मुलगी उत्साहाने बारा रकाने करते आणि तिथेच अडकते. कारण रिग्रेशनमध्ये आणखी एक रकाना न सांगता येऊन बसलेला असतो: स्थिरांकाचा. त्यात छत्तीसही ओळींवर 1 असतो. आता कुठल्याही बिलाची ओळ बघा. बारा रकान्यांपैकी एकात 1, अकरांत 0, म्हणजे बेरीज 1. प्रत्येक ओळीत 1. बारा डमींची बेरीज म्हणजे हुबेहूब स्थिरांकाचा रकाना. तीच माहिती दोनदा दिली गेली.

त्याने बिघडतं काय, ते आकड्यांत बघू. या घराची जानेवारीची सरासरी 120 युनिटं, मेची 210. स्थिरांक 0 धरला, तर जानेवारीचा सहगुणक 120 आणि मेचा 210. स्थिरांक 100 धरला, तर 20 आणि 110. स्थिरांक 5,000 धरला, तर उणे 4,880 आणि उणे 4,790. तिन्ही उत्तरं सारखीच बरोबर, कारण बेरीज केली की जानेवारीला 120 आणि मेला 210 च येतात. बिलं याहून अधिक काही सांगत नाहीत; तीनशे बिलं गोळा केली तरी सांगणार नाहीत. याला डमी व्हेरिएबलचा सापळा म्हणतात.

सिंहगड किती उंच, असं कुणी विचारलं की आधी विचारावं लागतं, कुठून? समुद्रसपाटीपासून सुमारे 1,300 मीटर. पुणं स्वतःच साधारण 560 मीटरवर आहे, तेव्हा शहरातून बघणाऱ्याला तो साडेसातशेच्या आत. दोन्ही खरं. ‘कुठून’ हे ठरवलंच नाही, तर उंची या शब्दाला अर्थ उरत नाही. बारा डमी आणि स्थिरांक एकत्र ठेवले की नेमका हा ‘कुठून’ हरवतो.

सापळ्यात पडल्यावर संगणक ओरडेल, अशी आपली समजूत असते. काही ओरडतात, काही गप्प बसतात. R मध्ये शेवटच्या डमीसमोर NA येतं, म्हणजे हा मोजता आला नाही. एक्सेलचं LINEST जास्तीच्या रकान्याचा सहगुणक 0 आणि त्याची प्रमाण चूकही 0 दाखवतं. 0 चुकीचा अंदाज दिसला की समजावं, हा अंदाज नव्हे, वगळलेला रकाना आहे. पायथनचं statsmodels मात्र सगळ्या तेरा आकड्यांची देखणी यादी देतं आणि तळाशी बारीक अक्षरांत सांगतं की रकाने परस्परांवर अवलंबून असू शकतात. असंख्य उत्तरांपैकी ते असं उत्तर निवडतं, ज्यात सहगुणकांच्या वर्गांची बेरीज सगळ्यात कमी असते. आपल्या घराच्या बारा महिन्यांच्या सरासऱ्यांची बेरीज 1,716 आहे. तिला बाराने नाही, तेराने भागून तिथे स्थिरांक येतो 132, आणि मे येतो 78. ही 132 युनिटं कसली? वर्षाची सरासरी 143 आहे, तेव्हा ती नव्हे. कुठल्या महिन्याचा वापरही नव्हे. आकडा चुकलेला नाही, पण त्याला वाचता येण्याजोगा अर्थ नाही.

सुटकेचा रुळलेला मार्ग म्हणजे एक महिना वगळणं. वगळलेला महिना नाहीसा होत नाही, तो स्थिरांकात जाऊन बसतो आणि बाकीच्या अकरांची उंची त्याच्यापासून मोजली जाते. जानेवारी वगळला, तर स्थिरांक 120, मे 90. हा 90 म्हणजे मेचा वापर नाही, मेचा जानेवारीहून जास्तीचा वापर. शिकाऊ माणसाची चूक बहुधा इथे होते.

त्याहून फसवी चूक अशी की आधाराचा महिना आपण निवडतच नाही, संगणक निवडतो. महिन्यांची नावं अक्षरं म्हणून दिली, तर तो अकारविल्हे पहिलं नाव उचलतो. इंग्रजीत ते Apr. गंमत म्हणजे नावं देवनागरीत लिहिली, तरी ‘ऑगस्ट’ आणि ‘ऑक्टोबर’ यांच्या आधी ‘एप्रिल’च लागतो. आणि पुण्यात एप्रिल म्हणजे ऐन उन्हाळा. आपल्या घराचा एप्रिल 205 युनिटांचा आहे. म्हणजे तक्त्यात मेसमोर येतात फक्त 5 युनिटं, कमी-जास्त 25 च्या पट्ट्यासह. पी-व्हॅल्यू मोठी, शेजारी एकही तारा नाही. मुलगी जाहीर करते, “मे महिन्याचा परिणाम लक्षणीय नाही!” आई पंख्याकडे बघते.

तक्ता खोटं बोललेला नाही. त्याने सांगितलं ते इतकंच की या तीन वर्षांत मे हा एप्रिलहून वेगळा होता, असं म्हणता येत नाही. आधार जानेवारी केला की त्याच मेसमोर 90 येतात आणि पट्टा तोच 25 चा. आता शंकेला जागा नाही. अंदाज, उरलेली चूक, काहीही बदललेलं नसतं. बदलतो फक्त प्रश्न. आधार स्वतः ठरवायला R मध्ये एक ओळ पुरते:

```
bills$month <- relevel(factor(bills$month), ref = "Jan")
summary(lm(unit ~ month, data = bills))
```

आधार एप्रिलच ठेवून मे आणि जुलै यांची तुलना करायची असेल, तर सहगुणक वजा करावेत: मे अधिक 5, जुलै उणे 75, फरक 80. चूक मात्र दोन्हींची वेगवेगळी धरून जोडू नये. दोन्ही आकडे एकाच एप्रिलपासून मोजलेले आहेत, त्यामुळे एप्रिलची अनिश्चितता दोन्हींत सामाईक असते आणि वजाबाकीत निघून जाते. खरा पट्टा इथेही 25 चाच. भोळेपणाने जोडला तर तो 35 च्या घरात जातो. सोपा उपाय म्हणजे आधार जुलै करून पुन्हा चालवणं. आणि ‘महिन्याने मुळात फरक पडतो का’ हा प्रश्न असेल, तर एकेक तारा मोजत बसू नये. अकरा डमींची एकत्र एफ-चाचणी करावी. आधार कुठलाही घेतला, तरी तिचं उत्तर बदलत नाही.

स्थिरांकच काढून बाराही महिने ठेवण्याचीही एक रीत आहे. मग प्रत्येक सहगुणक म्हणजे थेट त्या महिन्याची सरासरी. वाचायला ही सगळ्यात सोपी, पण R-वर्ग अशा वेळी बहुतेक सॉफ्टवेअर शून्यापासून मोजतात, सरासरीपासून नाही, आणि तो 0.98 वगैरे दिसून उगाच छाती फुगते. सूट्स यांनी 1984 मध्ये पुन्हा या विषयाकडे वळून तिसरी रीत मांडली: बारा सहगुणकांची बेरीज शून्य ठेवा, म्हणजे प्रत्येक महिना वर्षाच्या सरासरीपासून मोजला जाईल. आपल्या घरात मे अधिक 67, जानेवारी उणे 23. माझ्या मते वीजबिलासाठी हीच रीत सगळ्यात माणसाळलेली आहे, कारण घरात कुणी ‘जानेवारीपेक्षा किती’ असं विचारत नाही.

मूळ वाद अजून तसाच आहे. एसी की मुलं? त्यासाठी मुलगी प्रत्येक बिलाच्या काळातलं सरासरी तापमान घालते. समजा उत्तर आलं, अंशामागे 7 युनिटं. तिच्या नोंदींत मे जानेवारीहून 9 अंशांनी गरम आहे, म्हणजे 63 युनिटं उन्हाची, आणि मेचा सहगुणक 90 वरून 27 वर येतो. मेचा वापर कमी झालेला नाही. सहगुणकाचा अर्थ बदलला. आता तो म्हणतो: तापमान सारखंच असतं, तर मे जानेवारीहून किती जास्त? त्या 27 मध्ये सुट्टीवरची मुलं असतील, पाहुणे असतील.

पण हे 7 आले कुठून? बारा महिने आधीच वेगळे काढल्यावर तापमानाला बोलायला उरतो तो एकाच महिन्यातला वर्षावर्षांचा फरक: यंदाचा मे गेल्या मेपेक्षा अंश-दीड अंशाने तापला, एवढाच. तीन वर्षांत असे फरक थोडे, म्हणून 7 चा पट्टा रुंद असणार, आणि म्हणून 27 चाही. वडिलांनी सुचवल्याप्रमाणे प्रत्यक्ष तापमानाऐवजी हवामानखात्याचं महिन्याचं सरासरी, म्हणजे ‘सामान्य’ तापमान घातलं, तर सापळा पुन्हा मिटतो. ते दर मेला तेच असतं, आणि दर वर्षी महिन्यागणिक तेच राहणारं काहीही बारा महिन्यांतूनच तयार करता येतं. ‘उन्हाळा’ नावाची वेगळी डमीही तशीच अडकते.

दिवाळी मात्र अडकत नाही, कारण ती इंग्रजी महिना पाळत नाही. 2023 मध्ये ती नोव्हेंबरच्या मध्याला होती, 2024 मध्ये ऑक्टोबरअखेर सुरू होऊन नोव्हेंबरात सरली, 2025 मध्ये ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. प्रत्येक बिलात दिवाळीचे किती दिवस आले, तो आकडा घातला की माळा-कंदिलांची वीज महिन्यापासून सुटी करता येते. फक्त या छत्तीस बिलांत पूर्ण दिवाळी पोटात घेतलेला ऑक्टोबर एकच आहे, 2025 चा. त्या महिन्यात घराला रंग लागला असेल आणि कारागीर दिवसभर पंखे, दिवे चालवून काम करत असतील, तर तीही वीज दिवाळीच्याच नावावर लागेल.