सुई टोचते ती इंजेक्शन दिल्यानंतर

रुग्णालयाच्या वॉर्डात निरनिराळ्या रंगांचे डबे ठेवलेले असतात. कोणत्या डब्यात काय टाकायचे, हे २०१६ च्या केंद्रीय नियमांनी ठरवून दिले आहे. ते समजून घ्यायला एकाच रुग्णाचे सलाईन पुरे.

समजा, सलाईन संपले, एक इंजेक्शनही देऊन झाले. ट्रेमध्ये आता काय उरले? सिरिंजचे कागदी वेष्टन साध्या कचऱ्यात जाते. रक्ताचा बोळा पिवळ्या पिशवीत जातो, कारण तो भट्टीत जाळायचा असतो. प्लास्टिकची बाटली, नळी आणि सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत जाते. हे प्लास्टिक निर्जंतुक करून, तुकडे करून पुन्हा वापरात आणतात. म्हणून ते पिवळ्या पिशवीत टाकू नये. जाळल्यास विषारी वायू निघतात. औषधाची काचेची कुपी निळ्या खोक्यात टाकावी. आता उरली सुई. तिची जागा फक्त पांढरा, झाकणाचा आणि सहज भोक न पडणारा डबा.

सुई चुकून लाल पिशवीत गेली, तर ती पिशवी उचलणाऱ्या मावशींच्या हाताला किंवा पायाला टोचते. ती कोणत्या रुग्णाची, हेही मग कळत नाही. दुसरा धोका टोपण परत लावताना असतो. टोपण एका हातात, सुई दुसऱ्या हातात, आणि नेम चुकला की बोटात! म्हणून टोपण लावूच नये. सुई हाताने वाकवू नये. रुग्णाच्या खाटेजवळच कटरने कापून ती डब्यात पाडावी. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करावा. दाबून आणखी जागा करू नये.

एवढे करूनही सुई टोचलीच तर? जखम साबण व वाहत्या पाण्याने धुवावी. ती पिळू नये, बोट तोंडात घालू नये. लगेच डॉक्टरांना सांगावे. एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी लागणार असेल, तर ती शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागते. पुढे २८ दिवस घ्यायची असते. ‘ब’ प्रकारच्या काविळीचा विषाणू सुईवाटे एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज पसरतो. त्यावर मात्र लस आहे. वॉर्डातील प्रत्येकाने, सफाई कामगारांनीही, तिचे तीन डोस घेतलेले असावेत. ‘क’ काविळीला लस नाही, म्हणून रक्त तपासत राहावे लागते.

वॉर्डाच्या भिंतीवर, डब्यांच्या अगदी वर, मोठ्या अक्षरांत एवढे लिहावे :

पिवळा – रक्ताचे बोळे, पट्ट्या, मुदत संपलेली औषधे
लाल – नळ्या, सलाईनच्या प्लास्टिक बाटल्या, हातमोजे, बिनसुईची सिरिंज
निळा – काचेच्या कुप्या, फुटलेली काच
पांढरा – सुया, ब्लेड
टोपण परत लावू नका. डब्यात हात घालू नका. टोचल्यास धुवा आणि लगेच सांगा.