साताऱ्याच्या वहीत लपलेले ४,५२० रुपये

सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची एखादी पेढी डोळ्यांसमोर आणा. सौद्यात अडत्यांकडून हळद उचलायची आणि गावोगावच्या किराणा दुकानदारांना ती उधारीवर द्यायची, हा तिचा धंदा. तिची गाडी काही दिवस ‘सातारा लाईन’ला जाते, म्हणजे कराड, उंब्रज, कोरेगाव, वाई. उरलेले दिवस ‘सांगली लाईन’, म्हणजे मिरज, तासगाव, विटा, पलूस. गिऱ्हाईकं दोनशेच्या घरात. मार्चअखेरीला दिवाणजी तेरीज काढायला बसतात आणि दोन्हीकडच्या बेरजांत ४,५२० रुपयांचा फरक येतो.

रक्कम मोठी नाही. पण ती दोनशे खात्यांपैकी कुठल्याही खात्यात असेल, वर्षातल्या कुठल्याही दिवशी घुसली असेल. सगळी कीर्द पुन्हा खतावणीशी ताडून पाहायची म्हटलं तर वैशाख उजाडेल.

जाणते दिवाणजी ही वेळ येऊच देत नाहीत. वर्षाच्या सुरुवातीलाच ते खतावणीचे तुकडे पाडतात. सातारा लाईनच्या गिऱ्हाइकांची एक वही, सांगली लाईनची दुसरी, अडत्यांची तिसरी. मुख्य खतावणीत गिऱ्हाइकांची सुटी खाती राहतच नाहीत, त्यांच्या जागी प्रत्येक वहीचं एकच खातं असतं. ते नियंत्रण खातं. बिल फाटलं की सातारच्या वहीत त्या दुकानदाराच्या नावे रक्कम पडते. नियंत्रण खात्यात मात्र महिन्यातून एकदाच, विक्री पुस्तकातल्या ‘सातारा’ रकान्याची बेरीज पडते. वसुली आणि परत आलेला माल यांचंही तसंच.

एकच पथ्य कडक पाळायचं. नियंत्रण खात्यातले आकडे मूळ पुस्तकांच्या बेरजांतून यायला हवेत, गिऱ्हाइकांच्या खात्यांवरून नव्हे. नाहीतर चूक स्वतःचीच साक्ष काढते. म्हणून खतावणारा एक आणि बेरजा मारणारा दुसरा असेल तर उत्तम.

काही पेढ्या आणखी एक पाऊल पुढे जातात. सातारच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्या मुख्य खतावणीचं समायोजन खातं उघडतात आणि तेच आकडे उलट्या बाजूंनी मांडतात. मग त्या वहीची स्वतंत्र तेरीज निघते, बाकीच्या वह्यांची वाट पाहावी लागत नाही. हिला स्वयंसंतुलित खतावणी म्हणतात. नाव भारदस्त असलं, तरी वही स्वतःचं संतुलन राखत नाही, ढळलं तर एवढंच दाखवते.

आता उदाहरणादाखल मार्चचे आकडे घेऊ. सातारा नियंत्रण खात्यात आरंभीची येणेबाकी ४,८२,३००. उधार विक्री ६,३५,४५०. न वटता परत आलेला एक चेक १२,००० चा. नावे बाजू झाली ११,२९,७५०. जमेला वसुली ५,७१,२८०, दिलेली सूट ३,९२०, परत आलेला माल १४,६५० आणि वळते केलेले १८,०००. ही एकूण ६,०७,८५०. म्हणजे बाकी ५,२१,९०० यायला हवी. वहीतल्या एकेका दुकानदाराच्या बाक्यांची यादी मात्र भरते ५,२६,४२०. सांगलीची यादी आणि अडत्यांची यादी आपापल्या नियंत्रण खात्याशी तंतोतंत जुळलेली. म्हणजे ४,५२० साताऱ्याच्याच वहीत आहेत, आणि फेब्रुवारीअखेर ताळा लागला होता म्हणून ते मार्चमधलेच आहेत. एक वही, एक महिना.

शोधाला लागण्याआधी यादीच तपासायची. बेरीज पुन्हा मारायची, एखादं खातं उतरवायचं राहिलं का पाहायचं, आणि कुणा दुकानदाराने आगाऊ भरलेली रक्कम येण्यात धरली गेली का तेही. निम्म्या वेळा भांडण इथेच मिटतं. या वेळी मिटलं नाही.

मग जुने ठोकताळे. फरकाला दोनाने भागायचं, कारण रक्कम चुकीच्या बाजूला पडली तर फरक दुप्पट होतो. २,२६० ची नोंद कुठेच नाही. मग नवाने. शेजारचे अंक उलटसुलट लिहिले गेले तर फरकाला नऊने नेहमी पूर्ण भाग जातो. ४,५२० ला जात नाही. इथे नवखा माणूस ठोकताळ्यांवरच चिडतो. जुना दिवाणजी मात्र ओळखतो, की चुका दोन असाव्यात आणि एकमेकींच्या आड उभ्या असाव्यात.

तो सगळ्यात लहान पुस्तक आधी उघडतो. मालपरतीचं. एकेक नोंद वहीशी ताडत टिका मारत जातो आणि ९१० रुपयांची परत आलेली हळद दुकानदाराच्या जमेऐवजी नावे पडलेली सापडते. ९१० चे दुप्पट १,८२०. उरले २,७००.

याला नऊने भाग जातो, आणि आता हा आकडा बोलू लागतो. २,७०० म्हणजे तीन वेळा ९००. म्हणजे हजाराचा आणि शेकड्याचा अंक अदलाबदल झाला आहे आणि त्या दोन अंकांत तीनचं अंतर आहे. यादी जास्त भरते, म्हणजे कुणाला तरी जमा कमी मिळाली आहे किंवा नावे जास्त पडलं आहे. वसुलीत पाहायचं तर ४,१००, ५,२००, ६,३००, ७,४००, ८,५०० अशा घरातल्या रकमा तेवढ्या चाळायच्या. कॅशबुकात कराडच्या एका दुकानाचे ८,५४० निघतात. वहीत लिहिलंय ५,८४०. यादी ५,२१,९०० वर येते.

ते वळते केलेले १८,००० मात्र वेगळ्या कारणाने लक्षात ठेवण्यासारखे आहेत. कोरेगावचा एक व्यापारी या पेढीकडून हळद घेतो आणि तिला घेवडा विकतो. दोघांचं येणं-देणं समोरासमोर कापलं की विक्रीची आणि खरेदीची, दोन्ही वह्या हलतात. हा व्यवहार कॅशबुकात नसतो, म्हणून नियंत्रण खात्यात घ्यायचा हमखास राहतो. तसं झालं की दोन्ही याद्या आपापल्या नियंत्रण खात्यापेक्षा बरोबर १८,००० नी कमी भरतात. कोरेगावची रक्कम चुकून विट्याच्या खात्यात गेली तर मात्र एक यादी वर आणि दुसरी तेवढ्याच रकमेने खाली. असे जोडीने आलेले फरक पाहून अनुभवी माणूस वही उघडण्याआधीच निदान करतो.

कधी दोष नियंत्रण खात्याकडेही असतो. विक्री पुस्तकाची बेरीज हजाराने कमी पडली तर विक्री खातं आणि नियंत्रण खातं दोन्ही सारखीच चुकतात आणि मुख्य तेरीज बिनबोभाट जुळते. गिऱ्हाइकांच्या बाक्यांची यादी तेवढी हजाराने जास्त निघते. तेरजेच्या नजरेतून सुटलेली ही चूक केवळ यादीमुळे पकडली जाते.

यादीलाही न दिसणाऱ्या चुका आहेतच. एकाच नावाची दोन दुकानं, एक कराडात आणि एक उंब्रजला, आणि एकाची वसुली दुसऱ्याला जमा. वही तीच, बेरीज तीच, फरक शून्य. बिलच लिहायचं राहिलं तरी तसंच. ते उघडकीला यायला दुकानदाराला त्याचा खातेउतारा पाठवावा लागतो. ज्याच्या नावे जास्त पडलंय तो लगेच फोन करतो. ज्याला फुकट जमा मिळालीय, त्याचा फोन सहसा येत नाही.

आता बहुतेक पेढ्यांत संगणक आला. टॅलीमध्ये `Sundry Debtors` या गटाची बेरीज पक्षकारांच्या खात्यांतूनच तयार होते, त्यामुळे तिच्यात आणि यादीत फरक पडायला जागाच नाही. ८,५४० चे ५,८४० टाइप झाले तर रोख आणि गिऱ्हाईक दोन्ही खाती एकाच वेळी चुकतात आणि तेरीज जुळलेली दिसते. म्हणून दिवाणजींनी ताळा बाहेर हलवला आहे. वसुली बँकेच्या उताऱ्याशी, रोकड गल्ल्याशी आणि खरेदी अडत्यांच्या उताऱ्यांशी. लाईनवरून आलेल्या पावती पुस्तकाची बेरीज काही जण अजून हातानेच मारतात, आणि तो आकडा संगणकातल्या दिवसाच्या वसुलीशेजारी पेन्सिलीने लिहून ठेवतात.